मुंजीत बटू जी व्रते उच्चारतो, ती नेमकी किती काळाची असतात?

बोरीकाठ (अमळनेर)

माझ्या मुलाची मुंज येत्या वैशाखात अमळनेरला करण्याचे ठरले आहे. त्याला आठवे वर्ष चालू आहे. आमचे घराणे शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन आहे आणि पत्नीचे माहेर ऋग्वेदी आहे. ही माहिती आधीच देण्याचे कारण असे की सध्याचा घोळ त्यातूनच निर्माण झाला आहे. मुलाच्या मामांनी त्याला सुटीत व्रतादेशाचे पाठ शिकवले. आचार्यांनी 'ब्रह्मचारी असि' अशा आशयाचे वाक्य म्हटले की 'बाढम्' म्हणायचे, पुढच्या प्रत्येक आज्ञेलाही तेच उत्तर द्यायचे आणि हे सारे गायत्रीच्या उपदेशानंतर येते, असे त्यांनी त्याच्या मनावर ठसवले. आमचे गुरुजी मात्र म्हणतात की हे संवाद उपदेशाच्या आधी येतात आणि प्रत्येक आज्ञेचे उत्तर वेगळे असते.

तरीही माझा मुख्य प्रश्न क्रमाचा नाही. मुलाने मला सरळ विचारले, "बाबा, मी दिवसा झोपणार नाही असे अग्नीसमोर सांगायचे आहे, ते किती दिवसांसाठी?" गुरुजींना विचारले तेव्हा ते म्हणाले की आपण सोडमुंजही त्याच दिवशी सायंकाळी करून टाकू, त्यामुळे काळजी नको. मला मात्र त्यातून अधिकच काळजी वाटू लागली, कारण जी प्रतिज्ञा सकाळी घ्यायची आणि सायंकाळी सोडायची, तिला प्रतिज्ञा म्हणावे का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांना पोथीतील आधार ठाऊक आहे, त्यांनी कृपया लिहावे.

केळीबाग (रावेर)

आपल्या मुलाने प्रश्न अगदी योग्य विचारला आहे, परंतु तो वैशाखात आणि तोही खानदेशात विचारला, हे त्याचे दुर्दैव होय. मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना दुपारी एक ते चार या वेळात माणसे तर सोडाच, बैलसुद्धा गोठ्यात आडवे होतात. ज्यांनी 'दिवसा झोपू नकोस' ही आज्ञा लिहिली, त्यांनी तापीकाठचा उन्हाळा काढला नसावा.

तापीतीर

क्रमाबद्दल मामांचेच बरोबर आहे. आधी गायत्रीचा उपदेश होतो, त्यानंतर मेखला आणि दंड देतात आणि मग ब्रह्मचर्याच्या आज्ञा सांगतात. मी माझ्या दोन्ही मुलांच्या मुंजी केल्या आहेत आणि दोन्ही वेळा असेच झाले. ज्याला अजून मंत्रच मिळालेला नाही, त्याला नियम कसले सांगणार? आपल्या गुरुजींना एकदा पोथी उघडून पाहावयास सांगावे.

मीनल (चाळीसगाव)

आमच्याकडेही गायत्रीनंतरच आज्ञा सांगितल्या होत्या आणि माझा मुलगा प्रत्येक आज्ञेला मोठ्याने 'बाढम्' म्हणाला होता. आम्ही ऋग्वेदी आहोत. तापीतीर, आपणही ऋग्वेदीच असावे असा माझा अंदाज आहे.

तापीतीर

होय, आम्ही ऋग्वेदी आहोत, परंतु मुंज ही मुंज असते, शाखेने तिच्यात असा काय फरक पडणार?

नाना_एरंडोल

फरक पडतो आणि चांगलाच पडतो. माझी हयात याज्ञिकीत गेली आहे आणि आमच्या भागात दोन्ही शाखांची घरे असल्यामुळे दोन्ही प्रयोग मला वरचेवर करावे लागले आहेत. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऋग्वेदी घरांत आश्वलायनांचे गृह्यसूत्र चालते. त्यात बटू गुडघे टेकून आचार्यांचे पाय धरतो आणि 'अधीहि भोः, सावित्रीं भो अनुब्रूहि' अशी प्रार्थना करतो. आचार्य त्याचे दोन्ही हात वस्त्रासह आपल्या हातांत धरून त्याला सावित्री म्हणजे गायत्री मंत्र सांगतात. त्यानंतर मेखला बांधून आणि दंड देऊन 'ब्रह्मचार्यसि, अपोऽशान, कर्म कुरु, दिवा मा स्वाप्सीः, आचार्याधीनो वेदमधीष्व' या आज्ञा होतात. तापीतीर आणि मामा सांगतात तो हाच क्रम आहे आणि त्यांच्या घरापुरता तो अचूक आहे.

माध्यंदिनांचा आधार पारस्कर गृह्यसूत्र आहे आणि तेथे क्रम उलटा आहे. मेखला, यज्ञोपवीत आणि दंड हे आधी होते. आचार्य आपल्या ओंजळीतील पाण्याने बटूची ओंजळ भरतात, त्याला सूर्य दाखवतात, त्याच्या हृदयाला स्पर्श करतात आणि नाव विचारतात. 'तू कोणाचा ब्रह्मचारी आहेस?' असे विचारल्यावर मुलगा 'भवतः' म्हणजे 'आपला' असे उत्तर देतो. मग अग्नीला प्रदक्षिणा घालून तो बसतो आणि आज्ञा सुरू होतात. 'ब्रह्मचार्यसि' या वाक्याला बटू 'भवानि' म्हणतो. 'अपोऽशान' म्हटल्यावर 'अश्नानि', 'कर्म कुरु' म्हटल्यावर 'करवाणि', 'मा दिवा सुषुप्थाः' म्हटल्यावर 'न स्वपानि', 'वाचं यच्छ' म्हटल्यावर 'यच्छानि' आणि 'समिधमाधेहि' म्हटल्यावर 'आदधानि' अशी उत्तरे येतात. शेवटी 'अपोऽशान' ही आज्ञा पुन्हा एकदा होते. हे सारे झाल्यावरच सावित्रीचा उपदेश होतो.

म्हणजे बोरीकाठ, आपल्या गुरुजींनी सांगितलेले आपल्या शाखेला धरूनच आहे. मामांचे पाठ मुलाने विसरावेत असे मी म्हणणार नाही, परंतु त्या दिवशी बोहल्यावर तो मधेच 'बाढम्' म्हणाला, तर नंतरच्या उत्तरांची साखळी तुटते आणि मूल बावरते. हे मी अनेकदा पाहिले आहे. आतापासून रोज रात्री जेवणाआधी आपण आचार्य व्हावे आणि त्याने उत्तरे द्यावीत, असे केले तर आठवड्याभरात ती सहज बसतील. उत्तरे पाठ झाल्यावर प्रश्नांचा क्रम मुद्दाम बदलून पाहावा. 'कर्म कुरु' म्हटल्यावर तो 'न स्वपानि' म्हणू लागला, तर त्याने केवळ चाल पाठ केली आहे, अर्थ नाही, हे लगेच कळते.

नाशिककर_सध्या_जळगाव

धागा वाचला. माझ्या पुतण्याची मुंज आहे. जळगावात दोनशे माणसांसाठी कार्यालय आणि आचारी यांचा अंदाजे खर्च किती येईल, हे कोणी सांगू शकेल का? जिलबी ठेवावी की मांडे, यावरून घरात दोन तट पडले आहेत.

केळीबाग (रावेर)

नाशिककर, आपण वेगळा धागा काढावा, तेथे मी आनंदाने लिहीन, कारण केळीच्या पानांचा आणि मांडवाच्या खांबांचा भार आमच्या तालुक्याने पूर्वीपासून उचलला आहे. येथे फक्त एवढेच सांगतो की मांडे निवडले तर खापर सांभाळणाऱ्या बायका आधी शोधा.

नानासाहेब, आपले उत्तर वाचून 'वाचं यच्छ' या आज्ञेची मला धास्ती वाटू लागली आहे. माझा नातू झोपेत सुद्धा बोलतो. बोलणे आवरण्याची ही आज्ञा किती वेळ पाळायची असते?

नाना_एरंडोल

पारस्करांनी एका पक्षाचे मत असे नोंदवले आहे की भिक्षा मागून ती आचार्यांना दिल्यावर बटूने उरलेला दिवस मौन धरून राहावे. 'एके' असे म्हटले असल्यामुळे ते सर्वांवर बंधनकारक नाही. मी सहसा भिक्षावळ झाल्यापासून सायंसंध्येपर्यंत 'शक्य तेवढे कमी बोल' एवढेच मुलाला सांगतो. आपल्या नातवासाठी तेवढेही खूप होईल.

आता बोरीकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. व्रते एकाच प्रकारची नाहीत, आणि घोळ होतो तो सर्व व्रतांना एकच मुदत लावल्यामुळे. आहार आणि शय्या यांचे नियम वेगळे आहेत. खारट-क्षारयुक्त अन्न खाऊ नये आणि जमिनीवर झोपावे, याबद्दल आश्वलायनांनी स्पष्ट मुदत दिली आहे, ती तीन रात्री, बारा रात्री किंवा एक वर्ष. ही मुदत पूर्ण झाल्यावर मेधाजनन, म्हणजे बटूची बुद्धी वाढावी म्हणूनचा विधी, करावा, असे ते लगेच पुढे सांगतात. म्हणूनच जुन्या घरांत चौथ्या दिवशी पळसाच्या फांदीजवळ मेधाजनन होत असे आणि तोवर मुलगा अळणी जेवत असे. पारस्करांनी याच नियमांना अशी मुदत दिलेली नाही. त्यांच्याकडे दंड धरणे, अग्नीची सेवा, गुरूची सेवा आणि भिक्षा मागणे यांच्या ओळीतच हेही येते. त्यापुढे मध, मांस, पाण्यात बुडी मारून स्नान, उंच आसन, असत्य आणि न दिलेली वस्तू घेणे यांचा निषेध आहे.

ब्रह्मचर्य या मोठ्या व्रताची मुदत मात्र वेदाध्ययनाशी बांधलेली आहे. पारस्कर अठ्ठेचाळीस वर्षे सांगतात, नाहीतर प्रत्येक वेदाला बारा वर्षे, आणि शेवटी 'यावद्ग्रहणं वा', म्हणजे शिकून होईपर्यंत, असा पर्याय देतात. आमच्या गुरूंनी आम्हाला नेहमी या शेवटच्या पर्यायाकडे बोट दाखवले.

प्रश्नचिन्ह

नाना, आपण जे लिहिले ते माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून बोरीकाठ यांची शंका दूर होण्याऐवजी वाढतेच. मुदत शिकून होईपर्यंत असेल आणि सोडमुंज त्याच सायंकाळी होणार असेल, तर मुलाने सकाळी उच्चारलेले शब्द सायंकाळपूर्वीच निरर्थक ठरतात. मुलांना खोटे बोलू नये असे सांगणाऱ्या व्रताच्या पहिल्याच दिवशी आपण त्यांना पाळायची नसलेली वचने द्यायला लावतो, हे मला खटकते. शिवाय हा विधी मुलग्यांपुरताच का, हा प्रश्न उरतोच. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्था मुलींचेही उपनयन करतात.

तापीतीर

मुलींचा विषय येथे अप्रस्तुत आहे.

मीनल (चाळीसगाव)

अप्रस्तुत नाही, परंतु त्यासाठी स्वतंत्र धागा असावा असे मलाही वाटते, कारण तो एकदा सुरू झाला की बोरीकाठ यांना उत्तर मिळणार नाही.

मला माझा अनुभव सांगायचा आहे. माझे पती हयात नाहीत, त्यामुळे माझ्या मुलाला उपदेश कोण देणार, हाच आमच्याकडे पहिला प्रश्न होता. माझ्या भावाने आचार्य व्हावे अशी माझी इच्छा होती, कारण मुलाचा त्याच्यावर जीव आहे. गुरुजींनी समजावून सांगितले की पिता नसेल तर आजोबा, आजोबा नसतील तर वडिलांचा भाऊ आणि तोही नसेल तर सख्खा थोरला भाऊ, असा क्रम आहे. शेवटी माझे मोठे दीर बसले. मामाला मातृभोजनाच्या वेळी जवळ बसायला मिळाले आणि भिक्षेत त्याने पहिला वाडगा भरला, त्यामुळे कोणाचेही मन दुखावले नाही.

आमच्याकडे सोडमुंज चौथ्या दिवशी केली. ते तीन दिवस घरात अळणी भात, दूध आणि फळे एवढेच मुलाला दिले. संध्याकाळी आणि सकाळी तो समिधा वाहत असे आणि रात्री ओसरीवर चटई टाकून झोपत असे. तिसऱ्या दिवशी त्याने मीठ मागितले. दिरांनी त्याला सांगितले, "तू मागितलेस तर देईन, पण मग सांगितलेले मोडले हे तूच लक्षात ठेवायचे." त्याने मीठ घेतले नाही. ते तीन दिवस त्याला मुंजीच्या समारंभापेक्षा जास्त आठवतात.

प्रश्नचिन्ह

मीनलताई, आपल्या घरी व्रत खरोखरच पाळले गेले, त्यामुळे माझा आक्षेप आपल्याला लागू होत नाही. तो सायंकाळी सोडमुंज उरकणाऱ्यांना लागू आहे, आणि अलीकडे तेच अधिक आहेत.

सुलभाकाकू (पारोळा)

आमच्या लहानपणी मुंजीचा बटू चार दिवस वेगळाच मुलगा वाटायचा. डोक्यावर घेरा आणि शेंडी, कमरेला मेखला, हातात पळसाचा दंड आणि कानात भिकबाळी असा तो गल्लीतून गेला की आम्ही बहिणी त्याला हसत असू आणि तो दंड उगारून आमच्यामागे लागत असे. आता घेराही कोणी ठेवत नाही. चार केस कापून मुलाला उभे करतात, कारण सोमवारी शाळा असते. व्रत किती दिवसांचे ते पुढे ठरवा, आधी शाळा किती दिवस बुडवता येईल ते ठरवा, असेच आताचे आईबाप म्हणतील.

दंडावरून आठवले. आमच्या वडिलांनी यावलकडच्या जंगलातून दंडासाठी पळसाची सरळ फांदी मागवली होती आणि ती मुलाच्या केसांपर्यंत मोजून तोडली होती. आता पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारे दंड हातभर असतात.

अक्षरवेल्हाळ (धुळे)

येथे सर्व जण मुदतीवर बोलत आहेत, परंतु बोरीकाठ यांच्या घरी प्रत्यक्ष अडचण उपदेशाच्या क्षणी येणार आहे, आणि त्याबद्दल कोणी लिहिलेले नाही. मुलगा मामांकडून 'धियो यो नः' असे शिकला असेल. माध्यंदिन परंपरेत पदाच्या आरंभी येणारा 'य' हा 'ज' असा उच्चारतात, त्यामुळे आपले गुरुजी 'धियो जो नः' असे म्हणण्याची दाट शक्यता आहे. 'प्रचोदयात्' मधील 'य' पदाच्या मध्यात असल्यामुळे तो तसाच राहतो. पुरुषसूक्तात 'सहस्रशीर्खा पुरुखः' असे ऐकलेले लोक या गोष्टीने चकित होत नाहीत, बाकीच्यांना मात्र वाटते की गुरुजींचा उच्चार चुकला.

तापीतीर

हे मला खरेच ठाऊक नव्हते. मग मुलाने काय म्हणावे?

नाना_एरंडोल

आचार्य जे म्हणतील ते म्हणावे. म्हणूनच मी पित्याला आधी एकटे बसवून त्याचा उच्चार पक्का करून घेतो, कारण आजकाल उपदेश गुरुजी पुटपुटतात आणि वडील केवळ ओठ हलवतात. सावित्री पित्याच्या तोंडून मुलाने ऐकावी, हा या विधीचा गाभा आहे, आणि पिता आचार्य असेल तर त्याने ती स्वतः सांगितलीच पाहिजे.

उपदेशाची रीत अशी आहे. माध्यंदिनांत बटू अग्नीच्या उत्तरेस पश्चिमेकडे तोंड करून बसतो, म्हणजे पिता आणि पुत्र समोरासमोर येतात आणि एकमेकांकडे पाहतात. प्रथम एकेक पाद सांगायचा. 'तत्सवितुर्वरेण्यम्' म्हणून थांबावे, मुलाने म्हणावे, मग 'भर्गो देवस्य धीमहि', मग 'धियो जो नः प्रचोदयात्'. दुसऱ्या वेळी पहिले दोन पाद सलग आणि तिसरा वेगळा. तिसऱ्या वेळी पूर्ण ऋचा, आणि हे तिसरे म्हणणे पित्याने मुलाच्या मागे नव्हे, तर त्याच्यासह करावे, असे सूत्रात स्पष्ट आहे.

जेथे अडते ती जागा दुसरी फेरी आहे. पहिल्या फेरीत 'वरेण्यम्' म्हणून थांबण्याची सवय लागते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत मूल तेथेच थांबते आणि पिता पुढे गेलेला असतो. मग गुरुजी मधे पडतात आणि तीनही फेऱ्यांचा एकच गोंधळ होतो. त्यावर उपाय इतकाच की घरी सराव करताना मंत्र म्हणूच नये. मंत्र त्या दिवशीच द्यायचा असतो. सराव करायचा तो एखाद्या साध्या श्लोकाचा, तीन पायऱ्यांत, म्हणजे मुलाला 'आता एक तुकडा, आता दोन तुकडे, आता सगळे मिळून' ही रीत कळते.

बोरीकाठ (अमळनेर)

नानासाहेब, मुलाला मामांनी गायत्री आधीच शिकवली आहे. आता काय करावे? आणि माझ्यासाठीही काही जप सांगितला आहे का?

नाना_एरंडोल

मुलाने मंत्र आधी ऐकलेला असणे ही आज सर्वत्रच स्थिती आहे, कारण तो शाळेच्या प्रार्थनेत आणि मोबाइलवरही ऐकू येतो. त्याला फक्त एवढे सांगा की तोवर ऐकलेले गाणे होते, त्या दिवशी बाबांकडून मिळेल तो तुझा मंत्र. मुले हे समजतात.

आपल्यासाठी जप आहे. उपनयन करणाऱ्या पित्याने अधिकार येण्यासाठी आधी गायत्रीचा जप करावा, असे पोथीत आहे आणि आमच्याकडे बारा हजार धरतात. एका मंत्राला व्याहृतींसह सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे माळेला अकरा-बारा मिनिटे. तासाभरात पाच माळा होतात, आणि माळ शंभराची धरली तर एकशे वीस माळांना साधारण चोवीस दिवस लागतात. रोज एक तास देणाऱ्याला मुंजीच्या महिनाभर आधी सुरुवात केली तर हा जप सहज पूर्ण होतो.

अक्षरवेल्हाळ (धुळे)

नाना, आमच्या घरी 'द्वादशाधिकसहस्र' असा पाठ सांगतात आणि एक हजार बाराच जप करतात. काही गुरुजी बारा हजारच म्हणतात. आपण बारा हजार कोणत्या आधारे धरता?

नाना_एरंडोल

दोन्ही पाठ चालतात, आणि माझ्या गुरूंनी बारा हजार धरला म्हणून मी तो धरतो. नोकरदार पित्याला एक हजार बारा सांगितले म्हणून मी कोणाशी भांडत नाही. शून्य जप करून बोहल्यावर बसणाऱ्याशी मात्र भांडतो.

केळीबाग (रावेर)

माझा अनुभव असा की उपदेशाच्या वेळी मांडवात जेमतेम दहा माणसे असतात. अक्षता पडल्या की पाहुणे पानावर बसायला धावतात आणि गायत्रीच्या वेळी आचारी, छायाचित्रकार आणि आजी एवढेच उरतात. छायाचित्रकार मात्र फार निष्ठावान असतो. तो 'साहेब, मुलाला जरा इकडे वळवा' म्हणतो, आणि पश्चिमेकडे तोंड करून बसलेला बटू कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतो.

मीनल (चाळीसगाव)

आम्ही छायाचित्रकाराला उपदेशापुरते बाहेर थांबवले होते. ध्वनिवर्धकही बंद केला होता. दिरांनी उपरणे दोघांच्या डोक्यावरून घेतले आणि आम्हाला काही ऐकू आले नाही, आणि ते योग्यच झाले.

तापीतीर

आमच्याकडे ध्वनिवर्धक चालू होता आणि सर्व मांडव बरोबर म्हणत होता. तेही मला वाईट वाटले नाही. पण नाना, मुदतीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. त्याच दिवशी सोडमुंज करणे चालते की नाही, हे एकदा स्पष्ट लिहावे.

नाना_एरंडोल

लोक करतात आणि गुरुजी करून देतात, हे मी नाकारत नाही. सोडमुंज म्हणजेच समावर्तन हा शिक्षण पूर्ण झाल्यावरचा संस्कार आहे. तो मुंजीच्या सायंकाळी केला तर त्याला अर्थ राहत नाही, हे प्रश्नचिन्ह यांचे म्हणणे मला मान्य आहे, जरी त्यांचा एकूण सूर मान्य नसला तरी. पूर्वी सोडमुंज लग्नाच्या वेळीच करीत असत, आणि आजही अनेक घरांत तशीच होते. आपल्या गुरुजींनी सायंकाळचा मार्ग मुलाच्या नियमांचे ओझे काढण्यासाठी सुचवला असावा. ओझेच कमी करायचे असेल, तर आहार आणि शय्येचे नियम तीन रात्री पाळून मेधाजनन करा आणि सोडमुंज पुढे ठेवा. तीन रात्रींची मुदत आश्वलायनांची आहे, आपल्या सूत्रातील नाही, त्यामुळे गुरुजींना आधी विचारून घ्या. काही माध्यंदिन गुरुजी ती मान्य करतात, काही करत नाहीत.

प्रश्नचिन्ह

आणि दिवसा झोपणे?

नाना_एरंडोल

ते ब्रह्मचर्याच्या आज्ञांमध्ये आहे, म्हणून सोडमुंजीपर्यंत. रावेरच्या उन्हाची सवलत सूत्रात नाही.

केळीबाग (रावेर)

तर मग मी माझ्या नातवाची मुंज माघात करतो.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. काल गुरुजींना भेटून आलो. चौथ्या दिवशी मेधाजनन करण्यास ते तयार झाले, मात्र तीन रात्रींच्या मुदतीबद्दल 'आपल्यात तसे लिहिलेले नाही, तरी चालवून घेऊ' एवढेच म्हणाले. सोडमुंज पुढे ढकलली आहे. मुलाला मी सांगितले की त्या दिवशी बोललेले शब्द तू मोठा होऊन अभ्यास पूर्ण करीपर्यंतचे आहेत. त्याने थोडा विचार करून विचारले की दहावी झाली की अभ्यास पूर्ण होतो का. त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. त्या सायंकाळी तो पहिली संध्या करेल, तेव्हा बसून पश्चिमेकडे तोंड करून जप करायचा आणि दुसऱ्या सकाळी उभे राहून पूर्वेकडे, हे मला ठाऊक आहे. परंतु सकाळचा जप कोठपर्यंत करायचा? वैशाखात आमच्याकडे सहाच्या आधीच ऊन येते आणि आठ वर्षांच्या मुलाला इतक्या पहाटे रोज उठवणे कठीण आहे.

नाना_एरंडोल

तारे दिसत असताना उभे राहायचे आणि सूर्य दिसेपर्यंत जप करायचा, असा नियम आहे. मुलाला पहिले काही दिवस सूर्योदयाच्या थोडे आधी उठवा, म्हणजे दहा वेळा मंत्र म्हणून होईपर्यंत सूर्य दिसेल. गच्चीवरून पूर्व मोकळी दिसते का?

बोरीकाठ (अमळनेर)

शेजाऱ्यांचा तिसरा मजला आड येतो.

सुलभाकाकू (पारोळा)

मग बोरी नदीच्या काठावर न्या. शेजारच्या मजल्यावर सूर्य वर चढेपर्यंत थांबलात, तर मुलाची शाळेची बस जाईल.